अकरा पानं, तीन दिवस, एक एसटी

लघुपटाची पटकथा लिहून झाली की नवा दिग्दर्शक बहुधा पहिला फोन कॅमेरा भाड्याने देणाऱ्याला करतो. अनुभवी सहायक दिग्दर्शक, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘एडी’, मात्र आधी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसतो. पटकथेच्या प्रत्येक पानाचे तो आडवे आठ भाग पाडतो आणि कोणता प्रसंग किती भागांचा आहे ते समासात लिहून ठेवतो. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला जुना हिशोब आहे. तो तंतोतंत कधीच जुळत नाही, पण चित्रीकरणाला किती दिवस लागतील याचा पहिला अंदाज त्यातूनच येतो.

ही आखणी कशी होते ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातल्या अडचणी कोणत्याही लघुपटाला येतात. सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावात रात्री मुक्कामी एसटी येते. पहाटे तीच गाडी परत शहराकडे निघते. नऊ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर राहते आणि तिची आई शहरात नोकरी करते. रोज सकाळी आजीने भरलेला डबा मुलगी कंडक्टरकडे देते आणि संध्याकाळी आईकडून रिकामा डबा परत येतो. एके दिवशी गाडी येतच नाही. एवढीच गोष्ट. पटकथा अकरा पानांची, प्रसंग आठ:

१. गावातला पार, संध्याकाळ. गाडी येते, डबा मिळतो. (दीड पान)
२. आजीचं घर, रात्र. जेवण आणि गप्पा. (२ पानं)
३. आजीचं घर, पहाट. डबा भरला जातो. (१ पान)
४. पार, पहाट. गाडी निघते. (१ पान)
५. शाळा, दिवस. वर्गात मुलीचं लक्ष नाही. (१ पान)
६. पार, संध्याकाळ. गाडी येत नाही. (दीड पान)
७. आजीचं घर, रात्र. दोघींनाही झोप नाही. (२ पानं)
८. पार, पहाट. गाडी येते. (१ पान)

कमी खर्चाच्या लघुपटात दिवसाला तीन ते पाच पानं चित्रित करणं जमतं. म्हणजे अकरा पानांना तीन दिवस. आता हे आठ प्रसंग तीन दिवसांत कसे बसवायचे हा प्रश्न उरतो, आणि निर्मितीची सगळी योजना त्याच्याभोवती फिरते.

सर्वांत दुर्मीळ काय?

चित्रपट गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. एका जागेचे सगळे प्रसंग एकत्र उरकायचे, असं त्याचं कारण सांगितलं जातं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. क्रम ठरतो तो सर्वांत दुर्मीळ गोष्टीवरून. ती शोधायला प्रत्येक प्रसंगाचा ‘ब्रेकडाउन’ करतात. त्या प्रसंगात कोण लागतं, कोणते कपडे, कोणत्या वस्तू, कसला उजेड, कसला आवाज, कुणाची परवानगी, अशी एकेका प्रसंगाची यादी एकेका कागदावर उतरते.

आपल्या लघुपटात घर दुर्मीळ नाही, ते तिन्ही दिवस हाताशी आहे. आजीची भूमिका करणारी अभिनेत्रीही तिन्ही दिवस गावात मुक्कामाला आहे. खरी टंचाई तीन गोष्टींची आहे.

पहिली गोष्ट गाडी. एसटी महामंडळाकडून रीतसर परवानगी आणि भाडं भरून गाडी घ्या किंवा खासगी जुनी बस आणून हवी तशी रंगवा, दर दिवसाचा खर्च मोठाच असतो. त्यामुळे गाडी एकच दिवस मिळेल असं धरायचं. गाडी प्रत्यक्ष दिसते ती प्रसंग १, ४ आणि ८ मध्ये. प्रसंग ६ मध्ये तिची नुसती वाट पाहायची आहे. कंडक्टरही त्याच तीन प्रसंगांत आहे, तेव्हा त्या अभिनेत्यालाही एकाच दिवसासाठी बोलवावं लागेल.

दुसरी गोष्ट उजेड. फेब्रुवारीच्या सुरुवातीला साताऱ्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्य क्षितिजाखाली असताना पहाटेचा किंवा तिन्हीसांजेचा जो निळसर उजेड कॅमेऱ्याला चालतो, तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. पटकथेत पारावरचे चार प्रसंग मिळून पाच पानं याच उजेडात लिहिलेली आहेत. त्यात गाडीचा दिवस एकच, म्हणजे प्रसंग ४ आणि ८ या दोन्ही पहाटा एकाच पहाटेत बसवायच्या आहेत.

तिसरी गोष्ट मुलगी. बालकलाकारांबाबतचे नियम २०१७ पासून स्पष्ट आहेत. मुलाने दिवसाला पाच तासांहून जास्त काम करायचं नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. मुलाच्या मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हजर असावी लागते. शहाणा एडी मेकअप आणि कपडे बदलण्याचा वेळही या पाच तासांतच मोजतो. आपली मुलगी आठही प्रसंगांत आहे, म्हणजे तीन दिवसांचे मिळून तिचे फक्त पंधरा तास आपल्या हातात आहेत. सगळं वेळापत्रक या पंधरा तासांवर उभं राहणार.

वेळापत्रक पटकथा बदलायला लावतं

या तीन टंचाया समोर मांडल्या की पटकथेतल्या काही ओळी बदलाव्याच लागतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण कागदावरचा बदल फुकट असतो आणि सेटवरच्या प्रत्येक बदलाला तीस माणसांचा वेळ जातो.

दोन पहाटांचा गुंता आधी सोडवू. शेवटच्या प्रसंगात मुलगी रात्रभर जागी आहे, त्यामुळे ती अंधार असतानाच पारावर येणार. प्रसंग ८ ला खरी पहाट हवीच. प्रसंग ४ मात्र रोजचा, सवयीचा आहे. तिथे गाडी कोवळ्या उन्हात निघाली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही, उलट दोन सकाळी एकमेकींहून वेगळ्या दिसतात. पटकथेत प्रसंग ४ पुढे ‘पहाट’ खोडून ‘सकाळ’ लिहिलं की एकाच दिवशी आधी प्रसंग ८ आणि मग प्रसंग ४ होतो. प्रसंग ८ मध्येही गाडी गावात शिरतानाचा मोठा शॉट तेवढा निळ्या उजेडात घ्यायचा. मुलीच्या चेहऱ्याचे जवळचे शॉट देवळाच्या भिंतीच्या सावलीत घेतले तर सूर्य उगवल्यावरही थोडा वेळ चालतात.

दुसरा प्रश्न घरातल्या रात्रींचा. प्रसंग २ आणि ७ रात्रीचे आहेत म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला रात्री जागवायची गरज नाही. घराच्या खिडक्या-दारांना बाहेरून जाड काळं कापड लावलं आणि आत एक पिवळा बल्ब पेटवला की भर दुपारी रात्र होते. कापड थोडं पुढे तंबूसारखं ताणलं तर दार उघडताना बाहेर अंधार दिसतो. अट एकच, दारातून बाहेरचं अंगण दिसणारा शॉट पटकथेत असता कामा नये. असेल तर तो काढायचा.

तिसरा प्रश्न शाळेचा. पटकथेत वीस मुलांचा वर्ग आहे. वीस मुलं म्हणजे वीस पालकांच्या संमती, त्यांच्यासाठीही परवानगी आणि लक्ष ठेवायला चार जबाबदार माणसं. एका पानाच्या प्रसंगासाठी हा व्याप तीन दिवसांच्या चित्रीकरणाला परवडत नाही. म्हणून प्रसंग असा होतो: मुलगी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी आहे, आतून पाढे ऐकू येतात आणि तिची नजर खालच्या रस्त्यावर आहे. पाढ्यांचा आवाज शाळेच्या आणि पालकांच्या संमतीने आधीच वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचा. शाळेत रविवारी गेलं की शिकवण्यातही व्यत्यय येत नाही.

योजना नेहमी ऊन धरूनच करायची असं नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’ या लघुपटात पाऊस हाच विषय आहे. अशा वेळी इतर सगळे ज्याला अडथळा समजतात तीच दुर्मीळ गोष्ट ठरते आणि वेळापत्रक तिच्यामागे जातं. पद्धत तीच, फक्त यादीतलं पहिलं नाव बदलतं.

रेकी: ठरलेल्या तासाला, कान उघडे ठेवून

जागा ठरवण्याआधी जी पाहणी करतात तिला सेटवर ‘रेकी’ म्हणतात. ती दोनदा करावी लागते. पहिल्यांदा दिग्दर्शक आणि कॅमेरामन जागा निवडतात. दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रक, कलादिग्दर्शक, एडी आणि व्यवस्था पाहणारा माणूस असे सगळे जातात, आणि प्रसंग ज्या तासाचा आहे त्याच तासाला जातात. पार सकाळी अकराला सुंदर दिसतो की नाही याला काही अर्थ नाही. तो पहाटे साडेसहाला कसा दिसतो, पहिलं ऊन कुठून येतं, गाडी एका दमात वळते की दोनदा मागे-पुढे करावी लागते, हे तिथे उभं राहूनच कळतं.

लघुपट सर्वांत जास्त फसतात ते आवाजात. ध्वनिमुद्रकाने हेडफोन लावून घरात पाच मिनिटं गप्प बसायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. शेजारची पिठाची गिरणी किती वाजता सुरू होते? देवळाचा भोंगा कधी लागतो? विहिरीवरच्या मोटारींना वीज कोणत्या वेळेत असते? उन्हाने तापलेला पत्रा दुपारी कडकड आवाज करतो का? गिरणी बंद ठेवायला सांगता येते, पण गिरणीवाल्याला त्या वेळेचे पैसे द्यावे लागतात आणि ते आधी ठरवावे लागतात. भोंग्यावर गाणं लागलं असेल तर अडचण दुहेरी असते. संवाद बिघडतो, शिवाय ते गाणं पार्श्वभूमीला ऐकू आलं तरी त्याचे हक्क विकत घ्यावे लागतात. म्हणून गाडीतला रेडिओसुद्धा बंदच.

परवानग्यांची यादी रेकीतच तयार होते. घरमालक, शाळा आणि ग्रामपंचायत यांचं लेखी पत्र, स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणं, एसटीची परवानगी आणि मुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. महाराष्ट्रात सरकारी जागांवर चित्रीकरणासाठी चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे. कोणत्याही परवानगीसाठी चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात धावून उपयोग नसतो, दीड-दोन महिने हाताशी हवेत. कलाकार, संगीतकार आणि घरमालक यांच्याशी लेखी करारही याच काळात होतात. लघुपट पुढे कुठे विकला गेला तर पहिला प्रश्न या कागदांचाच येतो.

तीन दिवसांचं कोडं

आता दिवस मांडू. मुलीच्या शाळेचे कमीत कमी दिवस बुडावेत आणि गावची शाळा रिकामी मिळावी म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार धरले. गाडी कोणत्या दिवशी? पहिल्या दिवशी नको. सगळे नवखे असतात, एकमेकांच्या कामाची पद्धत कळलेली नसते, आणि पहिल्याच पहाटे पंचवीस मिनिटांची परीक्षा नको. शेवटच्या दिवशीही नको, कारण गाडी बिघडली किंवा आभाळ आलं तर पुढे दिवसच उरत नाही. म्हणून गाडी शनिवारी.

शुक्रवारी आजीचं घर, प्रसंग २ आणि ३, मिळून तीन पानं. पथक सातला हजर. मुलगी नऊ ते बारा आणि दीड ते साडेतीन. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेत आजीच्या एकटीचे शॉट: भाकरी थापणारे हात, चुलीतला जाळ, डब्याचं झाकण. आजी मुलीशी बोलते आहे पण मुलगी पाठमोरीसुद्धा दिसत नाही, असे शॉटही याच वेळेत. तेव्हा मुलीची वाक्यं एडी वाचतो. पाचला पॅकअप, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हजर व्हायचं आहे आणि दोन दिवसांच्या मध्ये बारा तासांची विश्रांती असेल तरच माणसं आणि गाड्यांचे ड्रायव्हर शुद्धीवर असतात.

शनिवारी गाडी, प्रसंग ८, ४ आणि १, मिळून साडेतीन पानं. पथक पाचला, मुलगी सहाला. सहा पस्तीसला निळा उजेड सुरू होण्याआधी गाडी, कॅमेरा आणि कंडक्टर आपापल्या जागी असायला हवेत आणि अंधारातच एकदा गाडी फिरवून सराव झालेला हवा. सातपर्यंत मोठा शॉट, साडेसातपर्यंत सावलीतले जवळचे शॉट, मग कपडे बदलून प्रसंग ४. साडेआठला मुलीची सुटी, थेट संध्याकाळी साडेचारपर्यंत. मधल्या वेळेत कंडक्टरचे एकट्याचे शॉट आणि गाडीचे आवाज. साडेचार ते सात प्रसंग १. उन्हं कलताना सुरुवात आणि तिन्हीसांजेला शेवट. मुलीचे तास झाले अडीच आणि अडीच.

गाडीचं इंजिन चालू असताना संवाद घेतले तर नंतर एकही शब्द वेगळा काढता येत नाही. म्हणून बोलण्याचे शॉट इंजिन बंद करून घ्यायचे आणि इंजिन सुरू होणं, घरघर, ब्रेक, दाराचा खडखडाट, घंटीची दोरी हे आवाज दुपारी निवांत वेगळे टिपायचे.

रविवारी प्रसंग ७, ५ आणि ६, मिळून साडेचार पानं. दोघींच्या जागरणाचा प्रसंग ७ हा लघुपटाचा कणा आहे. तो मुद्दाम तिसऱ्या दिवशी ठेवला, कारण तोवर मुलगी आणि आजी एकमेकींना सरावलेल्या असतात. तो दुपारी काळ्या कापडाआड, मग शाळेचा व्हरांडा आणि पाचपासून पारावर प्रसंग ६. तिथे गाडी नसल्यामुळे घाई नाही. खरी संध्याकाळ उतरत जाते तसे शॉट घेत जायचे, म्हणजे वाट पाहण्याचा काळ आपोआप पडद्यावर येतो.

या मांडणीत एक पळवाट आहे. शनिवारी पाऊस आला किंवा गाडी आली नाही, तर रविवारचा प्रसंग ७ घरात लगेच सुरू करता येतो आणि गाडीला रविवारची पहाट आणि संध्याकाळ मिळते. अशा राखीव जागेला ‘कव्हर सेट’ म्हणतात. बाहेरची कामं आधी आणि घरातलं एक काम हातचं राखून, हा नियम त्यातूनच आला. त्यासाठी गाडीच्या मालकाशी रविवारचीही तोंडी बोली करून ठेवावी लागते.

गोष्टीतले दिवस आणि चित्रीकरणाचे दिवस वेगळे झाले की कपड्यांचा घोळ होतो. गोष्ट पहिल्या संध्याकाळपासून तिसऱ्या पहाटेपर्यंत जाते. मुलीचे कपडे, वेणीची रिबन, आजीचं लुगडं आणि डब्याचा रंगसुद्धा गोष्टीच्या दिवसाप्रमाणे आधी लिहून ठेवायचा. शनिवारी प्रसंग ८ आधी आणि प्रसंग ४ नंतर होतो, तेव्हा कोणती रिबन कुठे हे कुणाच्या आठवणीवर सोडायचं नाही. प्रत्येक प्रसंगानंतर फोटो काढायचा. डबे सारखेच दोन घ्यायचे, कारण एकाला पोचा पडला तर दुसरा लागतो.

सेटवरचं घड्याळ

दिग्दर्शकाने आधी प्रसंगांची ‘शॉट डिव्हिजन’ केलेली असते. आपल्या लघुपटाची पहिली यादी सत्तर शॉटची झाली असं धरू. कॅमेरा आणि दिवे नव्याने मांडून एक शॉट पूर्ण व्हायला सरासरी अर्धा ते पाऊण तास जातो. बारा तासांतून जेवण, चहा आणि जागा बदलण्याचा वेळ वजा केला तर दिवसाला पंधरा-सोळा मांडण्या होतात. शनिवारी त्याहून कमी, बाराच धरू. म्हणजे तीन दिवसांत चाळीस-पंचेचाळीस. सत्तर शॉट कागदावरच कमी करावे लागतात. उरलेल्यांपुढे ‘हवाच’, ‘असावा’, ‘वेळ उरला तर’ अशी खूण करायची आणि आधी सगळे ‘हवाच’ उरकायचे.

आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात ‘कॉल शीट’ जाते. कोण किती वाजता कुठे हजर, कोणते प्रसंग कोणत्या क्रमाने, सूर्योदय आणि सूर्यास्त, जवळचा दवाखाना, जेवणाची वेळ, सगळं एका पानावर. दिवस हातातून निसटतोय हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिला शॉट ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा लागला, किंवा जेवणाच्या सुटीपर्यंत निम्मे शॉट झाले नाहीत. अशा वेळी दिग्दर्शक, कॅमेरामन आणि एडी यांनी जेवतानाच ठरवायचं की ‘असावा’मधलं काय जाणार. संध्याकाळी सहाला ठरवायला बसलं तर कापायला फक्त ‘हवाच’ उरलेले असतात.

प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांनी हालचाल थांबवायची आणि ध्वनिमुद्रकाने अर्धा-एक मिनिट त्या जागेची नुसती शांतता टिपायची. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. संकलनात दोन वाक्यांमधला खोकला काढला की तिथे तोच आवाज भरावा लागतो. पॅकअपच्या घाईत हे काम हमखास राहतं, म्हणून ते कॉल शीटवर लिहून ठेवलेलं बरं.

चित्रीकरणानंतर

संकलनाची तयारी चित्रीकरणाआधीच सुरू होते. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाला सेकंदाला २४ फ्रेम्स रूढ आहेत, तेव्हा कॅमेराही २४ वर. पण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/४८ सेकंदावर ठेवलं तर काही ट्यूब आणि स्वस्त एलईडींच्या उजेडात चित्र लुकलुकतं. ते १/५० वर नेलं की बहुतेक वेळा थांबतं. लुकलुक एकदा रेकॉर्ड झाली तर नंतर काढणं खर्चिक पडतं, म्हणून घरातला प्रत्येक दिवा रेकीच्या वेळीच कॅमेऱ्यातून पाहायचा.

दुसरा हिशोब जागेचा. अकरा मिनिटांच्या लघुपटासाठी दहापट चित्रीकरण झालं तर ११० मिनिटं होतात. प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात फोर-के चित्र तासाला साधारण ३२० जीबी जागा घेतं, म्हणजे एकूण सुमारे ६०० जीबी. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती आणि तिसरी गावाबाहेर, दुसऱ्या कुणाकडे. नुसती कॉपी करून भागत नाही. कॉपी मूळ फाइलशी जुळते का हे तपासणारं सॉफ्टवेअर वापरायचं. दोन्ही प्रती तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही, आणि हे काम एकाच माणसाकडे द्यायचं.

पुढचे आठ आठवडे साधारण असे जातात. पहिल्या आठवड्यात चित्र आणि आवाज क्लॅपच्या ठोक्यावर जुळवून प्रसंग ओळीने लावले जातात. पुढचे दोन-तीन आठवडे कच्चं संकलन. मग पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना तो दाखवायचा. आवडला का, हे विचारण्यात अर्थ नाही. डबा कुणाला जात होता? गाडी का आली नाही असं वाटलं? अशा प्रश्नांची उत्तरं चुकली तर दुरुस्ती कुठे हवी ते कळतं. चौथ्या-पाचव्या आठवड्याअखेर चित्र कुलूपबंद होतं. त्याला ‘पिक्चर लॉक’ म्हणतात.

सगळ्यात कडक शिस्त हवी ती इथेच. लॉक झाल्यावरच ध्वनीची मांडणी, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज, संगीत, रंगसंस्करण आणि उपशीर्षकं ही कामं एकाच वेळी वेगवेगळ्या हातांत जातात. त्यानंतर दिग्दर्शकाने प्रसंग ३ मधला अर्धा सेकंद कापला, तर पुढची प्रत्येक गोष्ट अर्धा सेकंद सरकते आणि चार माणसांचं काम पुन्हा करावं लागतं. ध्वनीला दोन-तीन आठवडे द्यायचे, रंगसंस्करणाला दोन-तीन दिवस पुरतात. शेवटी ध्वनिमिश्रण आणि चित्रपटगृहासाठीची डीसीपी प्रत. ही प्रत महोत्सवाला पाठवण्याआधी एकदा खऱ्या पडद्यावर लावून पाहावी. उपशीर्षक कापलं जाणं किंवा आवाज एकाच बाजूने येणं लॅपटॉपवर कळत नाही.

महोत्सवांच्या तारखांवरून उलटं मोजलं तर हे सगळं कधी सुरू करायचं ते ठरतं. गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरमध्ये, पुण्याचा पिफ साधारण जानेवारीत होतो, आणि मुंबईचा मिफ दर दोन वर्षांनी. प्रवेशिका त्याच्या काही महिने आधी मागवल्या जातात. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो, पण महोत्सवांत दहा-बारा मिनिटांच्या लघुपटाला जागा मिळणं सोपं जातं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पटकथेचा ब्रेकडाउन आणि रेकी, फेब्रुवारीत चित्रीकरण आणि एप्रिलअखेर तयार प्रत, असं हे वर्ष बसतं.

पैशांचा हिशोब याच कागदांवरून निघतो. कलाकार धरून बावीस माणसं आणि तयारीच्या दिवसासह चार दिवस म्हणजे ८८ माणूस-दिवस. जेवण, राहणं आणि प्रवास यांचा खर्च या आकड्याने गुणून काढायचा. एकूण अंदाजात दहा टक्के अनपेक्षितासाठी ठेवायचे. ध्वनी आणि रंगसंस्करणाचे पैसे मात्र चित्रीकरणाला हात लागण्याआधीच वेगळ्या खात्यात टाकायचे. अर्धवट पडून राहिलेले लघुपट बहुतेक याच टप्प्यावर थांबलेले असतात, कारण शेवटच्या दिवशी त्या पैशांतून जनरेटरचं भाडं गेलेलं असतं.

तुमची पटकथा तयार असेल तर कॅमेऱ्याची चौकशी चार दिवस थांबवा. आधी प्रत्येक प्रसंगापुढे लिहा की हा प्रसंग कोणत्या गोष्टीसाठी अडू शकतो. त्या यादीत जी गोष्ट मिळवणं सर्वांत अवघड आहे ती चित्रीकरणाच्या मधल्या दिवशी ठेवा आणि बाकीचं सगळं तिच्या दोन्ही बाजूंना लावा. तसं लागत नसेल तर पटकथा पुन्हा लिहा. तीन दिवसांच्या चित्रीकरणात वेळापत्रक पटकथेच्या मागे फरपटत गेलं तर शनिवारी संध्याकाळी वेळापत्रकही राहत नाही आणि पटकथाही.